घरची रांग सोडायची कधी? चेकर्स इंजिनला पट वाचायला शिकवताना

(हा पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलण्यातली पुनरुक्ती काढलीय. ऐकताना घरांचे नंबर पटकन निसटतात, म्हणून पटाची आकृती आणि थोडा कोड इथे जोडलाय.)

मागच्या भागात आपण गेम ट्रीवर बोललो होतो. इंजिन माझी चाल, मग तुझी, मग परत माझी असं करत पुढे पुढे कसं बघतं, ते आपण पाहिलं. शेवटी मी म्हटलं होतं की कुठेतरी थांबावंच लागतं आणि तिथे इंजिनला पटाकडे बघून एक आकडा सांगावा लागतो. "मी इथे किती बरा आहे?" याचं उत्तर म्हणजे तो आकडा. आज फक्त त्या आकड्याबद्दल बोलू.

सुरुवात माझ्या एका हरलेल्या डावाने करतो. मी लिहिलेलं चेकर्सचं इंजिन माझ्या मामेभावाबरोबर खेळत होतं. पोरगा अकरावीत आहे, चेकर्स फोनवरच शिकलाय. डाव अर्ध्यावर आला तेव्हा त्याच्याकडे सात सोंगट्या होत्या आणि माझ्या इंजिनकडे सहा. म्हणजे आम्ही एका सोंगटीने मागे. पण स्क्रीनवर स्कोअर काय दिसत होता? शून्य. इंजिनच्या मते डाव अगदी बरोबरीत होता.

आमच्या सहांपैकी चार सोंगट्या घरच्या रांगेतून हललेल्याच नव्हत्या. पुढच्या दोन अडकल्या होत्या. मग एक वेळ अशी आली की हलवायला त्या चारच उरल्या. एकेक करून बाहेर पडल्या आणि एकेक करून गेल्या. भाऊ म्हणाला, "दादा, तुझं इंजिन घर सोडायलाच घाबरतंय." त्याचं निदान बरोबर होतं. पण घाबरट इंजिन नव्हतं, मी दिलेले आकडे तसे होते. ते कसे चुकले आणि कसे सुधारले, ते आज बघू.

आधी पट समजून घेऊ

मी अमेरिकन चेकर्सबद्दल बोलतोय, ज्याला इंग्लिश ड्राफ्ट्ससुद्धा म्हणतात. पट बुद्धिबळाचाच, आठ बाय आठ. पण खेळ फक्त काळ्या घरांवर चालतो, म्हणजे ३२ घरं. त्यांना असे नंबर असतात:

```
 .  १  .  २  .  ३  .  ४
 ५  .  ६  .  ७  .  ८  .
 .  ९  . १०  . ११  . १२
१३  . १४  . १५  . १६  .
 . १७  . १८  . १९  . २०
२१  . २२  . २३  . २४  .
 . २५  . २६  . २७  . २८
२९  . ३०  . ३१  . ३२  .
```

काळ्याच्या बारा सोंगट्या वर, १ ते १२ वर. पांढऱ्याच्या खाली, २१ ते ३२ वर. काळा खाली सरकतो, पांढरा वर. साधी सोंगटी तिरकी, पुढच्या बाजूला एकच घर जाते. समोरची सोंगटी उडी मारून खायची, आणि खायला मिळत असेल तर खावीच लागते, "नको" म्हणायची सोय नाही. सोंगटी समोरच्याच्या घरच्या रांगेत पोचली की राजा होते आणि मग मागेही चालू शकते. ज्याच्याकडे चालच उरत नाही तो हरला. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, आजच्या भागात ते दोनदा लागणार आहे.

आज आपलं इंजिन पांढरं आहे. म्हणजे आपली घरची रांग २९, ३०, ३१, ३२.

सगळं सोंगटीच्या भावात मोजायचं

इव्हॅल्युएशन फंक्शन लिहिताना पहिली चूक सगळे करतात, मीही केली. आपण विचार करतो की कोणती गोष्ट किती महत्त्वाची आहे. राजा फार महत्त्वाचा, मग त्याला मोठा आकडा. घरची रांग महत्त्वाची, तिलाही बऱ्यापैकी आकडा. पण इंजिनला महत्त्व वगैरे कळत नाही. ते फक्त बेरीज करतं आणि जास्त बेरीज जिथे येईल तिकडे जातं. त्यामुळे तुम्ही दिलेला प्रत्येक आकडा म्हणजे एक सौदा असतो. अमुक मिळत असेल तर तमुक द्यायला मी तयार आहे, असं तुम्ही इंजिनला लिहून देत असता.

म्हणून एक सोंगटी म्हणजे १०० हे पक्कं करायचं आणि बाकी सगळं त्या भावात मोजायचं.

राजाचं उदाहरण घ्या. माझ्या पहिल्या व्हर्जनमध्ये राजा ३०० होता. वाटलं, मागेपुढे चालतो, तिप्पट असेलच की. आता सौदा बघा. एक सोंगटी फुकट देऊन दुसरीला राजा करता येत असेल तर? दिलेल्या सोंगटीचे उणे १००. दुसरी १०० ची ३०० झाली, म्हणजे अधिक २००. एकूण १०० चा फायदा! इंजिन आनंदाने सोंगटी फेकायचं आणि राजा मिरवत बसायचं. पण या प्रकारात राजा एका वेळी एकच घर चालतो. आंतरराष्ट्रीय ड्राफ्ट्समध्ये तो पटाच्या या टोकापासून त्या टोकाला झेपावतो, तिथे त्याची किंमत खूप जास्त असणं साहजिक आहे. आपल्याकडे तो फक्त मागे फिरू शकणारी सोंगटी आहे.

आता मी राजाला १३० देतो. तोच सौदा परत मोजा: उणे १००, अधिक ३०, म्हणजे ७० चा तोटा. इंजिन आता राजासाठी सोंगटी उधळत नाही. पण फुकटात राजा मिळत असेल तर ३० साठी धावतं. हवं होतं ते हेच.

आणखी एक गोष्ट. ही मोजणी मारामारी चालू असताना करायची नाही. समजा सर्च अशा जागी थांबला की मी आत्ताच एक सोंगटी खाल्लीय आणि पुढच्या चालीत समोरचा माझी परत खाणार आहे. तिथे मोजलं तर १०० चा खोटा फायदा दिसतो. चेकर्समध्ये खाणं सक्तीचं असल्यामुळे उपाय सोपा आहे. खायची चाल शिल्लक आहे तोवर सर्च पुढे नेत राहायचा आणि पट शांत झाला की मगच आकडा काढायचा.

घरची रांग: किती जण नाही, कोण कोण

आता त्या शून्याकडे येऊ. माझा जुना नियम होता: घरच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक सोंगटीला २५. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण चार सोंगट्या गुणिले २५ म्हणजे १००. म्हणजे अख्खी एक सोंगटी! मामेभावाची घरची रांग रिकामी होती, आमची भरलेली. सोंगट्यांमध्ये उणे १००, घरच्या रांगेत अधिक १००, बेरीज शून्य. इंजिन एक सोंगटी गमावून बसलं होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता, कारण चौघांना घरी बसवल्याची भरपाई मीच देत होतो.

मग आकडा कमी करायचा का? २५ चे १० करायचे? मी तेही करून बघितलं. भीती कमी झाली, पण आता इंजिन भलत्याच सोंगट्या बाहेर काढायला लागलं. कारण मुळात प्रश्न आकड्याचा नव्हता. मी डोकी मोजत होतो आणि मोजायला हवी होती राखण.

घरच्या रांगेचं काम एकच आहे, समोरच्याला राजा होऊ न देणं. मग विचारू या की हे काम कमीत कमी किती सोंगट्यांत होतं आणि त्या कोणत्या. कागदावर पट काढून बोट ठेवत चला, मजा येईल.

काळ्याची एकटी सोंगटी आत शिरायला बघतेय. तिला शेवटच्या आधीच्या रांगेतून यावं लागेल, म्हणजे २५, २६, २७ किंवा २८ वरून. आता आपल्या फक्त दोन सोंगट्या ठेवा, ३० आणि ३२ वर.

काळी २५ वर आली, तर ३० तिला खाऊन २१ वर जाते. २६ वर आली, तर ३० च तिला खाऊन २३ वर जाते. २७ वर आली, तर ३२ तिला खाते आणि २३ वर जाते. राहिलं २८. ते कडेचं घर आहे, तिथे तिला खाता येत नाही. पण २८ वरून पुढे जायला एकच घर आहे, ३२, आणि तिथे आपला माणूस बसलाय. चारही दारं बंद.

आता दुसऱ्या जोड्या बघा. चार घरांतून दोन निवडायच्या तर सहा जोड्या होतात. २९ आणि ३१ ठेवल्या तर? २५, २६, २७ तिन्हींवर मारा आहे, पण काळी २८ वरून निवांत ३२ वर उतरते. ३० आणि ३१? परत २८ चंच भोक. २९ आणि ३०? तिथे २७ आणि २८ दोन्ही मोकळी. ३१ आणि ३२? २५ वर कुणाचाच मारा नाही. २९ आणि ३२? २६ वर आलेल्या सोंगटीला कुणी हात लावू शकत नाही.

म्हणजे सहांपैकी एकच जोडी पुरी पडते: ३० आणि ३२. चेकर्सवाले हिला ब्रिज म्हणतात. काळ्याच्या बाजूने तीच जोडी १ आणि ३ होते. माझ्या जुन्या नियमाला मात्र सहाही जोड्या सारख्याच दिसत होत्या. प्रत्येकीला ५०.

ही काही माझी शोधाशोध नाही. आर्थर सॅम्युएल यांनी आयबीएममध्ये चेकर्सचा जो प्रोग्रॅम लिहिला, त्यावरच्या १९५९ च्या त्यांच्या पेपरमध्ये पटाच्या गुणांची यादी आहे. त्यात घरच्या रांगेचा गुण नेमका या दोन घरांवर बांधलेला आहे. आणि त्याला एक अट आहे, जी मी सुरुवातीला वाचून सोडून दिली होती: समोरच्याकडे राजा नसेल तरच हा गुण द्यायचा.

अट का? समोरच्याला एक राजा मिळाला की आपण ज्यासाठी दार राखत होतो ती गोष्ट घडून गेलेली असते. तो राजा आता मागूनही येऊ शकतो. अशा वेळी आपल्या दोन सोंगट्या घरी बसवून ठेवणं म्हणजे बाहेरच्या लढाईत दोन माणसं कमी करणं. माझं इंजिन नेमकं हेच करायचं. मामेभावाचा राजा पटावर फिरत होता आणि आमचे उरलेले दाराशी उभे.

म्हणून नवा नियम असा झाला:

```python
def back_row(a, b):
    if b.kings > 0 or b.men == 0:
        return 0
    return 20 if a.holds_bridge() else 0
```

`a` म्हणजे ज्याचं घर तो, `b` म्हणजे समोरचा. समोरच्याकडे राजा असेल तर शून्य. त्याच्याकडे साधी सोंगटीच उरली नसेल तरीही शून्य, कारण राजा व्हायला कुणी नाहीच. नाहीतर ब्रिज पूर्ण असेल तर २०. २९ आणि ३१ वरच्यांना काहीच नाही, त्यामुळे त्या बिनधास्त बाहेर पडतात.

तोच हरलेला डाव या नियमाने मोजू. डावाच्या त्या वेळी मामेभावाला अजून राजा मिळाला नव्हता. सोंगट्यांमध्ये उणे १००, ब्रिजचे अधिक २०. स्कोअर उणे ८०. इंजिनला आता कळतंय की आपण मार खातोय.

ब्रिजची मर्यादाही सांगून ठेवतो. तो एकट्याला अडवतो, जोडीला नाही. काळी एक सोंगटी २६ वर आणि तिच्या मागे दुसरी २३ वर असेल, तर ३० ला खाताच येत नाही, कारण उडी मारून उतरायचं घरच भरलेलं आहे. मग २६ वाली सरळ ३१ वर जाऊन राजा होते. म्हणून २० हा आकडा छोटाच ठेवायचा. ब्रिज मदत करतो, तो काही किल्ला नाही.

चाली मोजताना फसगत

चौथी गोष्ट मोबिलिटी, म्हणजे आपल्याला किती चाली उपलब्ध आहेत. डावाच्या सुरुवातीला दोघांनाही सातच चाली असतात. पुढे ज्याच्या चाली कमी होत जातात त्याचा गळा आवळला जातो, आणि चाल संपली की डावच संपतो.

मी आधी सरळ कायदेशीर चाली मोजल्या आणि प्रत्येकीला १० दिले. दोन घोळ झाले.

पहिला घोळ सक्तीच्या खाण्याचा. खायला मिळत असेल तेव्हा बाकीच्या चाली बादच होतात. समजा एरवी मला आठ चाली आहेत, पण आत्ता एक सोंगटी फुकट खायला मिळतेय. तर कायदेशीर चाल उरली एक. इंजिनला वाटतं, अरे बापरे, मी तर अडकलो! सात चालींचे ७० कापले गेले. समोर ताट वाढलेलं आणि हा म्हणतोय उपाशी आहे. पट शांत झाल्यावरच मोजायचा नियम पाळला की चाल खेळणाऱ्याचा हा त्रास जातो. पण मोजणी दोघांची करायची असते. त्यामुळे ज्याची पाळी नाही त्याच्या चाली मोजतानाही त्याच्या खायच्या चाली वेगळ्या ठेवायच्या आणि साध्या सरकण्याच्या चाली तेवढ्या मोजायच्या.

दुसरा घोळ जास्त बेरकी आहे. कायदेशीर चाल म्हणजे खेळण्यासारखी चाल नव्हे. आपली सोंगटी २२ वर आहे आणि काळी १३ वर. आपण २२ वरून १७ वर गेलो, तर काळी १७ ला खाऊन २२ वर उतरते, कारण ते घर आपणच आत्ता रिकामं केलं. तिला परत खायला मागे २५ किंवा २६ वर आपलं कुणी नसेल, तर ही चाल म्हणजे सोंगटी दान. जुन्या मोजणीत मात्र या दानाचेही १० गुण मिळत होते.

म्हणून आता मी फक्त सुरक्षित चाली मोजतो, म्हणजे ज्या खेळल्यावर समोरच्याला लगेच काही फुकट खाता येत नाही. प्रत्येकीला ३ गुण. पाच चालींचा फरक असला तरी १५ च होतात, सोंगटीच्या सातव्या हिश्श्याइतके. मोबिलिटीने सोंगटीचा सौदा करू नये, दोन सारख्या वाटणाऱ्या चालींत निवड करावी, एवढंच काम.

चार सोंगट्यांचा पट, जिथे सगळं शून्य येतं

इथपर्यंत मला वाटलं की झालं काम. मग एक पट समोर आला आणि मी अडलो. हा पट खरंच मांडून बघा. पांढऱ्या सोंगट्या ५ आणि ३२ वर. काळ्या १ आणि २८ वर. बस, चारच.

पांढरी ५ वाली राजा होण्यापासून एक घर दूर आहे, पण तिला जायला एकच घर आहे, १, आणि तिथे काळी बसलीय. काळी २८ वालीही राजा होण्यापासून एक घर दूर. तिलाही एकच घर, ३२, आणि तिथे पांढरी बसलीय. पट उलटा फिरवला तर दोन्ही बाजू हुबेहूब एकसारख्या.

आपली मोजणी काय म्हणते? सोंगट्या दोन विरुद्ध दोन, फरक शून्य. राजा कुणाकडेच नाही. ब्रिज कुणाचाच पूर्ण नाही. चाली प्रत्येकी एक. एकूण शून्य.

आता समजा पाळी पांढऱ्याची आहे. ५ अडकलेली. ३२ ला एकच चाल, २७. म्हणजे दार सोडावंच लागतं. काळी २८ वरून ३२ वर उतरते आणि राजा होते. वर लगेच २७ वाल्या सोंगटीच्या मागे लागते. १ वरची काळी सोंगटी अजून जागेवरच आहे, त्यामुळे आपली ५ अजूनही बंद. स्कोअर २०० विरुद्ध २३०.

आणि पाळी काळ्याची असती तर? सगळं उलट. काळ्याला १ सोडून ६ वर यावं लागतं आणि आपली ५ राजा होते.

म्हणजे पट तोच, सोंगट्या त्याच, आणि ज्याची पाळी तो अडचणीत. राखणदाराची किंमत तो कुठे उभा आहे यावर जितकी, तितकीच तुमच्याकडे दुसरी काही चाल शिल्लक आहे का यावर अवलंबून असते. दुसरी चाल असेल तर राखणदार राखणदार आहे. नसेल तर पुढच्याच चालीत तो दार सोडून जाणार आहे. माझ्या हरलेल्या डावातही शेवटी हेच झालं होतं, फक्त चारांऐवजी तेरा सोंगट्या असल्यामुळे ते दिसत नव्हतं. पुढच्या दोघी अडकल्या, आणि घरच्यांना नाइलाजाने उठावं लागलं.

तुम्ही म्हणाल, हे तर सर्चला दोन चालींतच कळेल. या छोट्या पटावर हो, कळेल. पण दोघांकडे चार-पाच रिकाम्या चाली शिल्लक असतील तर हीच वेळ आठ-दहा चालींनंतर येते आणि तिथपर्यंत सर्च पोचत नाही. आकड्याने इशारा द्यायची गरज तिथे असते.

म्हणून मी मोकळ्या चाली वेगळ्या मोजायला लागलो. मोकळी चाल म्हणजे सुरक्षित चाल, पण ब्रिजच्या दोन घरांवरून न निघणारी. ज्याची पाळी आहे त्याच्याकडे एकही मोकळी चाल नसेल, तर उणे २५. पूर्ण फंक्शन असं दिसतं:

```python
def evaluate(p):
    s = 100 * (p.me.men - p.op.men)
    s += 130 * (p.me.kings - p.op.kings)
    s += back_row(p.me, p.op) - back_row(p.op, p.me)
    s += 3 * (safe_moves(p.me) - safe_moves(p.op))
    if spare_moves(p.me) == 0:
        s -= 25
    return s
```

इथे `me` म्हणजे ज्याची पाळी आहे तो, काळा असो की पांढरा. चार सोंगट्यांच्या त्या पटावर आता पाळी असणाऱ्याला उणे २५ येतात. खरा तोटा ३० चा होता, म्हणजे इशारा बऱ्यापैकी जवळ गेला.

हा २५ सगळीकडे बरोबर असेल असं नाही. सर्च जितका खोल जाईल तितकी याची गरज कमी होते, कारण मग इंजिन अडचण प्रत्यक्षच बघतं.

चुकलंय हे कळणार कसं?

इव्हॅल्युएशनमधल्या चुका क्रॅश होत नाहीत, हा त्यांचा वैताग. प्रोग्रॅम चालतो, चाली कायदेशीर असतात, फक्त खेळ जरा वाईट होतो. म्हणून दोन तपासण्या मी सोडत नाही.

पहिली आरशाची. पट उलटा करा: प्रत्येक घराचा नंबर ३३ मधून वजा करा, रंग बदला आणि पाळीही बदला. ३० चं ३ होतं, ३२ चं १. आकडा तोच यायला हवा.

```python
assert evaluate(p) == evaluate(flip(p))
```

मला याच तपासणीत सापडलं की काळ्याचा ब्रिज मी १ आणि ३ ऐवजी २ आणि ४ लिहून बसलो होतो. कितीतरी दिवस इंजिन पांढऱ्याने बरं आणि काळ्याने रडतखडत खेळत होतं, आणि मी सर्चमध्ये बग शोधत होतो.

दुसरी तपासणी जुन्या व्हर्जनशी डाव लावण्याची. एका वेळी एकच आकडा बदलायचा आणि नव्याला जुन्याविरुद्ध खेळवायचं. यात एक मेख आहे. दोन्ही इंजिनांत नशिबाचा भाग नसेल तर सुरुवातीच्या पटावरून दर वेळी तोच डाव होतो. शंभर डाव खेळवले तरी खरं तर एकच खेळलात. स्पर्धांमध्ये यावर जुना उपाय आहे, पहिल्या तीन चाली चिठ्ठी काढून ठरवतात. तेच आपण करायचं. वेगवेगळ्या तीन-तीन चालींपासून सुरू करायचं आणि प्रत्येक सुरुवात दोन्ही रंगांनी खेळवायची, कारण काही सुरुवाती मुळातच एका बाजूला झुकलेल्या असतात. बरेचसे डाव बरोबरीत सुटतात, त्यामुळे दहा-वीस डावांवरून निष्कर्ष काढू नका.

शेवटी एक प्रश्न, जो मला मागच्या भागानंतर एका श्रोत्याने पाठवला होता: "चेकर्स तर सोडवून झालंय ना, मग हे आकडे कशाला?" बरोबर आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जोनाथन शेफर आणि त्यांच्या टीमने २००७ मध्ये जाहीर केलं की दोघंही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. पण त्यामागे वर्षानुवर्षांचं कंप्युटिंग आणि सोंगट्या कमी उरल्यावरच्या पटांची अवाढव्य कोष्टकं होती. तिथे अंदाज लागत नाही, कोष्टकात उत्तरच लिहिलेलं असतं: जिंकलं, हरलं किंवा बरोबरी. आपल्या फोनमध्ये ती सगळी कोष्टकं मावत नाहीत. जिथे कोष्टक नाही आणि सर्चही पोचत नाही, तेवढ्या मधल्या पट्ट्यापुरता हा आकडा लागतो.

मामेभावाबरोबर परत डाव झाला. या वेळी इंजिनने २९ आणि ३१ वेळेत बाहेर काढल्या, ३० आणि ३२ ठेवल्या. त्याला राजा मिळाल्यावर त्या दोघीही घर सोडून निघाल्या. डाव बरोबरीत सुटला. तो म्हणाला, "आता खेळतंय." पुढचा डाव मात्र तो जिंकला. २६ आणि २३ वर जोडी आणून त्याने ब्रिज फोडला. ब्रिज नुसता आहे की नाही एवढंच बघायचं, की त्याच्यावर चालून येणारी जोडीही मोजायची, हे काम आता माझ्या यादीत आहे. तुमच्या इंजिनमध्ये कुणी ते केलं असेल तर मला नक्की लिहा.

भेटू पुढच्या भागात.